412 तिकिटांतली पाचच बघून माझा महिना कसा ठरवतात? (क्वालिटी ऑडिट)

शेंगाचटणी_प्रेमी · सोमवार, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच होटगी रोडला एका ऑफिसात बॅकएंडला आहे. घरगुती इंटरनेटच्या तक्रारी आमच्याकडे येतात. ग्राहकाशी बोलायचं, लाइनवाल्याला पाठवायचं, काम झालं की तिकीट क्लोज करायचं. दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात माझी 412 तिकिटं क्लोज झाली. क्वालिटीवाल्यांनी त्यातली पाच काढून तपासली आणि स्कोअर आला 76. आमच्याकडे 85 च्या खाली गेलं की इन्सेंटिव्ह कट. वर टीम लीडर म्हणतो, "तुझ्यावर लक्ष ठेवावं लागेल." आधीच्या महिन्यात 97 होता बे! एका महिन्यात माणूस एवढा बिघडतो का?

तर प्रश्न असा, की ही पाच तिकिटं निवडतात कशी? माझा संशय आहे की मुद्दाम वाईट शोधून काढलीत. आणि पाचावरून 412 चा अंदाज लागतो का? कुणी या कामात असेल तर सांगा.

---

लिंबू_सोडा · सोमवार, रात्री 11:04

भात शिजला का बघायला एक शीत पुरतं म्हणतात. तुझी तर पाच बघितली, तक्रार कसली करायलास?

---

शेंगाचटणी_प्रेमी · सोमवार, रात्री 11:06

@लिंबू_सोडा भात एका पातेल्यात एका आचेवर शिजतो मालक. माझी तिकिटं 412 वेगवेगळ्या चुलींवर शिजलेली आहेत.

---

निवृत्त_लेखनिक · मंगळवार, सकाळी 6:20

ऑडिटमध्ये नमुना तपासणी ही जुनीच पद्धत आहे. आमच्या पतसंस्थेचं लेखापरीक्षण व्हायचं तेव्हा लेखापरीक्षक कर्जाच्या फायली ढिगातून काढायला सांगत. मोठ्या रकमेच्या सगळ्या आणि लहानातल्या काही. आपल्या संस्थेने लेखापरीक्षकाची नेमणूक सर्वसाधारण सभेत केली आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास अहवालालाच हरकत घेता येईल.

---

शेंगाचटणी_प्रेमी · मंगळवार, सकाळी 8:15

काका, हे हिशेबाचं ऑडिट नाही. मी केलेलं काम नीट झालं का ते आमच्याच कंपनीतली माणसं तपासतात. सभा वगैरे काही नसते. असती तर निदान चहा तरी मिळाला असता.

---

टॉवेलवाला_अण्णा · मंगळवार, सकाळी 9:32

आमच्याकडे हे रोजचं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. एक्स्पोर्टचा माल जायच्या आधी बायरचा इन्स्पेक्टर येतो. समजा 3000 टॉवेलचा लॉट आहे, 100 खोक्यांत. तो दहा खोकी उघडायला लावतो आणि त्यातून 125 टॉवेल काढतो. धागा ओढलेला, कडेची शिवण सुटलेली, डाग, वजन कमी, असे दोष मोजतो. 7 पर्यंत निघाले तर लॉट पास, 8 वा निघाला की फेल. याला एक्यूएल 2.5 म्हणतात, म्हणजे शेकडा अडीच खराब माल चालतो. तुमच्या ऑफिसातपण हाच नियम लावा म्हणावं, भांडणच नको. तक्ता तयार आहे, माणसाने डोकं चालवायची गरज नाही.

आणि एक, खोकी इन्स्पेक्टर स्वतः बोट दाखवून निवडतो. आम्ही निवडून दिली तर काय होईल ते सांगायला नको 😄

---

कोरडवाहू · मंगळवार, दुपारी 1:10

मूळचा बार्शीचा. चौदा वर्षं याच कामात आहे, आधी तपासणारा, आता तपासणाऱ्यांना शिकवणारा.

अण्णांचे आकडे बरोबर आहेत, अर्थ थोडा चुकलाय. 125 त 7 म्हणजे शेकडा साडेपाचच्या वर झाले, अडीच कुठे राहिले? तो तक्ता असं सांगतो, की ज्या कारखान्याचा माल शेकडा अडीचपर्यंतच खराब असतो, त्याचे लॉट बहुतेक वेळा पास व्हावेत. नशिबाने नमुन्यात दोन-चार जास्त आले म्हणून चांगला लॉट परत जाऊ नये, एवढी सवलत त्या 7 मध्ये आहे.

दुसरी गोष्ट, तिथे निकाल लॉटचा लागतो. कोणत्या मागावर कोणाचा टॉवेल निघाला, हे तो इन्स्पेक्टर विचारत नाही. शेंगाचटणींच्या ऑफिसात निकाल माणसाचा लावतायत, आणि तोही 125 नाही, पाच नमुन्यांवर.

@शेंगाचटणी_प्रेमी, रागावण्याआधी एक काम करा. ती पाचही तिकिटं उघडा. प्रत्येकाचा स्कोअर काय, कोणत्या ओळीत मार्क गेले, आणि ते तिकीट नंतर रीओपन झालं होतं का, एवढं इथे लिहा. महिन्यात तुमची एकूण किती रीओपन झाली तेही. ग्राहकाचं नाव-नंबर मात्र टाकू नका.

---

टॉवेलवाला_अण्णा · मंगळवार, दुपारी 1:31

असं होय! पंधरा वर्षं अडीच टक्केच म्हणत आलो. बायरपण तसंच म्हणतो की.

---

मोगरा7 · मंगळवार, रात्री 9:40

मी तपासणाऱ्यांपैकी आहे. वेगळ्या कंपनीत, पण काम हेच. शिव्या खायची तयारी ठेवून खरं काय होतं ते सांगते.

माझ्याकडे 40 जण. प्रत्येकाची पाच म्हणजे महिन्याला 200 तिकिटं. एक नीट बघायचं तर बारा मिनिटं जातात, कॉल ऐकायचा असेल तर जास्त. म्हणजे नुसते बघायचेच 40 तास, वर फीडबॅक, वाद, मीटिंगा वेगळ्या. कागदावर आमच्याकडे 'रँडम' लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात महिन्याच्या 27-28 तारखेला 60 बाकी असतात, तेव्हा मी लहान तिकिटं निवडते. तीन ओळींचा शेरा, चार मिनिटांचा कॉल. पस्तीस मिनिटांचा कॉल दिसला की पुढचं तिकीट उघडते. म्हणजे ज्याने अवघड काम केलं त्याचं अवघड काम माझ्यापुढे येतच नाही.

दुसरं म्हणजे क्लायंटकडून निरोप येतो, "रीओपनमधली घ्या." मग रीओपनची यादी शेजारी उघडी ठेवून त्यातून दोन-तीन उचलायची. फॉर्मवर मात्र सगळ्यांसमोर 'रँडम'च लिहिलेलं असतं, कारण त्या रकान्यात दुसरा पर्यायच नाही.

मुद्दाम कुणाला पाडायला काढत नाही हो. पण परिणाम तोच होतो, हे मान्य.

---

लिंबू_सोडा · मंगळवार, रात्री 9:48

ताई, 27 तारखेला ज्यांची तिकिटं तपासलीत त्यांची नावं सांगा. पार्टी मागायची आहे.

---

शेंगाचटणी_प्रेमी · मंगळवार, रात्री 11:15

@कोरडवाहू, काढलं सगळं. पाच तिकिटांचे स्कोअर असे आहेत: 95, 90, 100, 0, 95. बेरीज 380, भागिले 5, म्हणजे 76.

महिन्यात माझी 25 रीओपन झालीत. आणि या पाचांतली तीन रीओपनवाली निघाली! 0 वालं, 90 वालं आणि एक 95 वालं.

शून्याचं कारण लिहिलंय, 'ग्राहकाशी संपर्क न करता क्लोज'. फेटल एरर, म्हणजे त्या एका चुकीवर अख्खं तिकीट शून्य. पण मी फोन केला होता, शपथेवर सांगतो. त्या दिवशी दुपारी डायलर अडकला होता, म्हणून माझ्या मोबाइलवरून केला. ग्राहक म्हणाला, नेट चालू झालं. मी शेरा मारला, "इश्यू रिझॉल्व्ड", आणि क्लोज केलं. दुसऱ्या दिवशी त्याचं परत बंद पडलं.

---

कोरडवाहू · बुधवार, दुपारी 2:05

आता बोलता येईल. दोन गोष्टी वेगळ्या करू.

आधी निवड. 412 त 25 रीओपन म्हणजे शंभरात सहा. डोळे मिटून पाच उचलली तर त्यात बहुतेक वेळा रीओपन एकही येणार नाही, कधी एक येईल. तीन येण्याची शक्यता हजारात दोन वेळा. म्हणजे तुमचा संशय निम्मा खरा. सगळी पाच रँडम नव्हती, काही यादीतून घेतलेली होती. पण ती तुम्हाला पाडायला घेतली, असं त्यातून सिद्ध होत नाही. मोगराताईंनी सांगितलं तसंच घडलं असणार.

रीओपन मुद्दाम बघणं यात गैर काहीच नाही. काम कुठे बिघडतं हे शोधायचं तर बिघडलेलंच बघावं लागतं. फक्त त्यातून आलेला आकडा तुमच्या 412 तिकिटांचा आकडा नसतो. सिव्हिलमधल्या पेशंटांची तब्येत मोजून सोलापूरची तब्येत सांगण्यासारखं होतं ते. कारणं शोधायला वेगळा ढीग आणि स्कोअर काढायला वेगळा ढीग, असं ठेवायला हवं.

आता गुण. तुमची चार तिकिटं 95 च्या सरासरीची आहेत. सगळा खड्डा एका शून्याने पाडला. पाच नमुने असतील तर एका शून्याने वीस गुण जातात. बाकी चारही शंभर आले तरी 80 च होतात. कटऑफ 85. म्हणजे तुमच्या ऑफिसात सरासरी वगैरे नावालाच आहे. खरी परीक्षा एकच, पाचांत एकही फेटल सापडता कामा नये.

आणि ती परीक्षा किती नशिबाची आहे बघा. समजा तुमच्या टीममधले चाळीसही जण अगदी सारखे आहेत, प्रत्येकाच्या शंभरात तीन तिकिटांत फेटल असते. कुणी चांगला नाही, कुणी वाईट नाही. पाच नमुन्यांत निदान एक फेटल सापडायची शक्यता निघते शेकडा 14. चाळीस जणांत म्हणजे दर महिन्याला पाच-सहा जण 85 च्या खाली. त्यांना बोलावतात, ट्रेनिंग देतात. पुढच्या महिन्यात त्यातले बहुतेक आपोआप वर येतात आणि ट्रेनर खूश, बघा कसे सुधारले! तेवढ्यात दुसरे पाच-सहा खाली गेलेले असतात. मी स्वतः तीन वर्षं असे सुधारलेले लोक पॉवरपॉइंटमध्ये दाखवत होतो. फार उशिरा लक्षात आलं.

---

रोखठोक · बुधवार, दुपारी 3:22

मी टीम लीडर आहे, त्यामुळे मला इथे कोणी आवडून घेणार नाही. पण दुसरी बाजू ऐका.

रीओपन झालेलं तिकीट म्हणजे एका माणसाचं नेट दुसऱ्या दिवशी परत बंद. त्याने परत फोन करायचा, परत 'एक दाबा, दोन दाबा' करायचं. ते तिकीट स्कोअरमध्ये का धरू नये? रँडम-रँडम करत बसलं तर पाचांत सोपीच येतात आणि सगळे 98. मग 98 आणि 97 मध्ये इन्सेंटिव्ह कुणाला द्यायचा?

आणि @शेंगाचटणी_प्रेमी, एक महत्त्वाचं. डिस्प्यूट टाकताना स्वतःच्या मोबाइलचा कॉल लॉग जोडू नकोस. ग्राहकाला स्वतःच्या फोनवरून फोन करणं, त्याचा नंबर आपल्या फोनमध्ये येणं, हे बहुतेक ठिकाणी त्या फेटलपेक्षा मोठं प्रकरण धरतात. एक मुलगा माझ्यासमोर असाच अडकलाय. निर्दोष आहे हे सिद्ध करायला गेला आणि दुसऱ्याच कलमात सापडला.

---

शेंगाचटणी_प्रेमी · बुधवार, दुपारी 3:40

अरे बाप रे. मेल टाइप करून ठेवला होता, स्क्रीनशॉटसकट. डिलीट केला. मग आता पुरावा काय देऊ?

---

मोगरा7 · बुधवार, रात्री 8:55

डायलर बंद होता ना? मग आयटीकडे त्या दिवशी कुणीतरी तक्रार नोंदवली असणार. तिचा नंबर आणि वेळ द्या. लाइनवाल्याने ग्रुपवर काम झाल्याचा मेसेज टाकला असेल तर त्याची वेळ द्या. आणि मोबाइलवरून फोन केल्याचं लपवूही नका. टीम लीडरला आधी तोंडी सांगा आणि त्याच्याकडूनच जाऊ द्या.

भाषा साधी ठेवा. आमच्याकडे डिस्प्यूट येतात त्यात "दोन वर्षं प्रामाणिकपणे काम करतोय" अशी पानभर कहाणी असते. ती वाचून वाईट वाटतं, पण मार्क बदलता येत नाहीत. मला फॉर्मची कोणती ओळ आणि तिकिटातली कोणती वेळ, एवढंच लागतं.

तुमच्या तिकिटाला मी असते तर फेटल दिलं नसतं. संपर्क केला नाही, ही एक गोष्ट. संपर्काची नोंद नाही, ही दुसरी. दुसरीला आमच्या फॉर्मवर दहा मार्क जातात. पण माझ्या शेजारी बसणारी सहकारी शून्यच देते. तिचं म्हणणं, नोंद नाही तर मी कशावरून धरू? आमचा यावर तीनदा वाद झालाय.

---

कोरडवाहू · बुधवार, रात्री 10:30

मोगराताई, शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. शेंगाचटणींचं तिकीट तुमच्याकडे आलं असतं तर स्कोअर 90, शेजारणीकडे शून्य. म्हणजे महिन्याचा स्कोअर 94 किंवा 76. काम तेच, इन्सेंटिव्ह कोण तपासतंय यावर.

यासाठी महिन्यातून एकदा सगळ्या तपासणाऱ्यांनी तीच दहा तिकिटं एकमेकांना न विचारता तपासायची आणि मग कुठे फरक पडला ते उघड करून बसायचं. बऱ्याच ठिकाणी ही बैठक होते, पण तिथे आधी साहेब आपला स्कोअर सांगतात आणि मग सगळ्यांचा तोच येतो.

आणि "आमचं 88 टक्के जुळतं" या वाक्यावर भुलू नका. जिथे शंभरात नव्वद तिकिटं पासच असतात, तिथे दोघांनी तिकीट न उघडता नव्वदांना पास आणि दहांना फेल असं आंधळेपणाने वाटलं तरी 82 टक्के जुळतं. 82 फुकटचे, कमावलेले फक्त सहा. पास तिकिटांवर जुळलं की नाही ते सोडा. एकाने फेल केलेल्यांपैकी किती दुसऱ्यानेही फेल केली, ते मोजा.

---

सावली · गुरुवार, सकाळी 10:12

सगळं वाचलं. माझ्या मनात वेगळंच आलं. शेंगाचटणींची बाकी दोन रीओपन तिकिटं आहेत ना, त्यांना 90 आणि 95 मिळालेत. ग्राहकाचं नेट परत बंद पडलं आणि स्कोअर 95? मग हा फॉर्म मोजतोय काय?

मी पण अशाच ठिकाणी आहे. मला एकदा 70 आले होते. घाबरून मी फॉर्म पाठ केला. ग्रीटिंग, दोनदा नाव घ्यायचं, "आणखी काही मदत", शेरा पाच ओळींचा. आता 98 येतात. काम आधीसारखंच आहे. उलट शेरे लिहिण्यात वेळ जातो म्हणून दिवसाची आठ-दहा तिकिटं कमी होतात, त्यावरून वेगळी बोलणी.

---

लिंबू_सोडा · गुरुवार, सकाळी 10:20

पाच ओळींच्या शेऱ्यात काय लिहिता हो? माझी दुसऱ्या ओळीतच गाडी बंद पडते. कडक भाकरी खाऊन पण एवढं चावता येत नाही.

---

कोरडवाहू · गुरुवार, दुपारी 1:48

@सावली, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. बहुतेक फॉर्म कॉल कसा बोलला गेला ते मोजतात, काम टिकलं का ते नाही. काही ठिकाणी तर तिकीट क्लोज झालं त्याच दिवशी तपासतात. रीओपन व्हायला दोन-चार दिवस लागतात, त्यामुळे तपासणाऱ्याला ते दिसतच नाही. क्लोज होऊन आठवडा गेल्यावरच नमुना काढला, तर निदान ते तिकीट परत उघडलं का हे तरी समोर असतं.

पण शेरा लांब असण्याची गरज नाही. @शेंगाचटणी_प्रेमी, तुमचं ते शून्यवालं तिकीट नेमकं काय होतं? क्लोज करताना लाइनवाल्याने पॉवरचं, म्हणजे वायरमधून येणाऱ्या प्रकाशाचं, रीडिंग दिलं होतं का?

---

शेंगाचटणी_प्रेमी · गुरुवार, रात्री 11:02

ग्रुपवर जाऊन बघितलं. राऊटरच्या डब्यावर `LOS` चा लाल दिवा लागत होता. लाइनवाल्याने 4:10 ला मेसेज टाकलाय, "रेड लाइट गेला, पॉवर -27". मी तो आकडा तिकिटात टाकलाच नव्हता. दिवा गेला म्हणजे झालं, असं धरलं. दुसऱ्या दिवशी परत लाल.

---

कोरडवाहू · शुक्रवार, सकाळी 7:55

मिळालं. -27 म्हणजे अगदी काठावर. प्रकाश कसाबसा पोचतोय. वायर जरा वाकली किंवा जोडावर धूळ बसली की दिवा परत लाल. त्या घरी -20 च्या आसपास येईपर्यंत ते तिकीट क्लोज व्हायलाच नको होतं. लाइनवाल्याला परत जोड साफ करायला सांगायला हवं होतं, किंवा वायर कुठे दुमडली आहे ते बघायला.

आता बघा, शून्य कशाला मिळालं? फोनच्या नोंदीला. खरी चूक कोणती? रीडिंग न बघता क्लोज करणं. ऑडिटने नेमकं चूक असलेलंच तिकीट पकडलं, पण कारण भलतंच लावलं. नोंदीची चूक दुरुस्त करून तुम्ही पुढच्या महिन्यात शंभर आणाल आणि -27 वाली तिकिटं तशीच क्लोज करत राहाल.

शेरा असा पुरतो: "LOS दिवा बंद. पॉवर -21 dBm. ग्राहकाशी 4:25 ला बोलणं झालं, व्हिडिओ चालवून बघितला. डायलर बंद होता, कळवलं आहे." एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. यात पॉवर हा शब्द आला की तुम्हाला आकडा शोधावाच लागतो, आणि आकडा -27 दिसला की क्लोजवर जाणारा हात थांबतो.

तुमच्याकडे 25 रीओपन आहेत ना? फॉर्म सोडा, ती 25 स्वतः उघडा. प्रत्येकापुढे एका शब्दात कारण लिहा. पाच तिकिटांतून स्वतःचं काहीच कळत नाही, 25 मधून कळतं.

---

टॉवेलवाला_अण्णा · शुक्रवार, सकाळी 9:15

आमच्यात पण हेच आहे. इन्स्पेक्टरने डाग धरला, आम्ही डाग पुसायला दोन बायका बसवल्या. महिनाभराने कळलं की डाग मागाच्या तेलाचा होता, एकाच मागावरून यायचा. तेल गळायचं थांबवलं, बायका परत शिवणीवर गेल्या.

---

रोखठोक · शुक्रवार, दुपारी 12:40

कोरडवाहू साहेब, हे सगळं पटतं, पण माझा प्रश्न तसाच आहे. इन्सेंटिव्ह कशावर द्यायचा? रीओपनवर दिला तर मुलं अवघड तिकिटं घेतच नाहीत, दुसऱ्याच्या गळ्यात टाकतात. ऑडिटवर दिला तर पाच नमुन्यांचं नशीब. संख्येवर दिला तर -27 वाली क्लोज. मला महिनाअखेर चाळीस जणांपुढे आकडा ठेवायचाच असतो.

---

कोरडवाहू · शुक्रवार, दुपारी 2:30

याचं साफ उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढंच केलं, की एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची रँडम तिकिटं एकत्र धरली, माणशी 15. तरीही थोडीच आहेत. 15 पैकी एकही फेल नसला तरी त्या माणसाच्या शंभरात जास्तीत जास्त किती बिघडत असतील याचा अंदाज वीसपर्यंत जातो. पण निदान एका शून्याने पगार हलत नाही. फेटलला सरासरीतून बाहेर काढून वेगळं बोललो. आणि टीमचा आकडा मात्र महिन्याचा धरला, कारण 200 नमुन्यांवर तो बऱ्यापैकी उभा राहतो.

---

रोखठोक · शुक्रवार, दुपारी 2:41

तीन महिने इन्सेंटिव्ह थांबवून बघा, मुलं नोकरी सोडून पुण्याला जातात.

---

मोगरा7 · रविवार, सकाळी 11:20

मी या आठवड्यात एक करून बघितलं. क्लोज तिकिटांची यादी शीटमध्ये घेतली, शेजारच्या रकान्यात हे टाकलं:

```
=RAND()
```

त्यावर सॉर्ट केलं आणि वरची पाच घेतली. पहिल्यांदा गडबड झाली. सॉर्ट करताच आकडे परत बदलतात, मग 'हे नको, परत सॉर्ट करू' असा मोह होतो. म्हणून आकडे कॉपी करून नुसत्या व्हॅल्यू पेस्ट केल्या, मग सॉर्ट. पहिल्याच माणसाला 38 मिनिटांचा कॉल आला. ऐकला पूर्ण. एका आजींना पासवर्ड बदलायला शिकवत होता तो मुलगा, इतक्या शांतपणे. वर्षभरात त्याचा असा कॉल मी एकदाही उघडला नव्हता.

तारीख 28 आली की काय करीन, ते मात्र सांगता येत नाही.

---

निवृत्त_लेखनिक · रविवार, दुपारी 4:05

सर्व प्रतिसाद वाचले. पतसंस्थेतही मोठ्या फायली वेगळ्या आणि लहान वेगळ्या असंच काढत. दोन्हींची टक्केवारी एकत्र करीत नसत. माझा पहिला प्रतिसाद विषयाला सोडून होता, क्षमस्व.

---

लिंबू_सोडा · रविवार, दुपारी 4:11

काका, तुम्हीच पहिल्या दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं, आम्हीच सभा धरून बसलो 😂

---

शेंगाचटणी_प्रेमी · पुढचा शनिवार, रात्री 10:35

निकाल सांगतो. टीम लीडरला आधी तोंडी सांगितलं, मोबाइलवरून फोन केल्याचंही. तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, परत करू नकोस. आयटीच्या तक्रारीचा नंबर आणि 4:10 चा मेसेज लावून डिस्प्यूट टाकला. फेटल तसंच राहिलं. त्यांचं म्हणणं, डायलर बंद होता तर तिकीट उघडं ठेवायचं होतं. इन्सेंटिव्ह गेला. पण फॉर्मवर 'नमुना कुठून घेतला' असा रकाना टाकतो म्हणालेत. टाकतील तेव्हा खरं.

25 रीओपन काढून बसलो होतो सुट्टीच्या दिवशी. 11 ठिकाणी पॉवर -26 च्या पलीकडे होती आणि मी दिवा बघून क्लोज केलं होतं. 6 ठिकाणी ग्राहकाचा राऊटरच जुना. 3 ठिकाणी लाइट गेली होती, आमचा संबंधच नाही. बाकी 5 कळली नाहीत.

त्या 11 पैकी 8 एकाच लाइनवाल्याची आहेत. आता त्याला सांगायचं कसं, हा प्रश्न आहे. तो माझ्या गल्लीतला आहे, आणि वयाने मोठा.

---

टॉवेलवाला_अण्णा · पुढचा शनिवार, रात्री 10:58

त्याच्याकडचा जोड साफ करायचा कपडा बघ आधी. आमच्याकडचा टॉवेल लागला तर सांग, सेकंडचा माल पडलाय.